चावी वर करून घड्याळ झोपवण्याचं ‘स्विस गुपित’

“चावीचे घड्याळ रात्री कधीही सपाट ठेवू नका!! सपाट ठेवल्याने तेल एका बाजूला उतरते, बॅलन्स झिजतो व घड्याळ पुढे पळते. चावी खाली ठेवल्यास घड्याळ बंद पडते. नेहमी चावी वर करून उभे ठेवा, गुरुत्वाकर्षणाने वेळ आपोआप बरोबर होते व सर्व्हिसिंगची गरज पडत नाही. स्विस कारागिरांचे गुपित. पुढे पाठवा.”

पुढे पाठवलं गेलंच. पंचवटीतल्या माझ्या काकांपर्यंत पोचलं आणि त्यांनी आपली एचएमटी जनता देवघराच्या फळीवर दोन काडेपेट्यांच्या मध्ये उभी करायला सुरुवात केली. वर मलाच विचारतात, “अरे, मग सकाळी मागे का पडते?” पडणारच, काका.

आधी तेलाचं. बॅलन्स म्हणजे मागे-पुढे झुलत घड्याळाची चाल ठरवणारं चाक. त्याच्या आसाची टोकं साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतात. प्रत्येक टोक ज्वेलमध्ये, म्हणजे भोक असलेल्या एका कडक खड्यात फिरतं आणि त्यामागे दुसरा सपाट ज्वेल असतो. तेलाचा थेंब या दोन ज्वेलमधल्या केसाएवढ्या फटीत बसतो. एवढ्याशा फटीत पृष्ठताणाचा जोर थेंबाच्या वजनाहून कितीतरी जास्त असतो, म्हणून घड्याळ कसंही ठेवा, तेल ‘उतरत’ नाही. ते कमी होतं ते वर्षानुवर्षं सुकून, घट्ट होऊन.

झीज होण्याचं तर बरोबर उलट आहे. घड्याळ सपाट असताना आस उभा असतो आणि त्याचं गोलसर टोक भोवऱ्यासारखं एका बिंदूवर टेकतं. घर्षण कमी, झोका मोठा. घड्याळ उभं केलं की आस आडवा होतो आणि दोन्ही टोकांच्या कडा भोकाच्या भिंतीवर घासतात. झोका तीस-चाळीस अंशांनी सहज घटतो. झिजेची भीती घालायचीच होती तर उभं ठेवण्याची घालायची, पण तीही खरं तर फुकटची. घड्याळ दोन्ही स्थितींसाठीच बनवलेलं असतं.

अर्धं खरं या निरोपात एकच आहे आणि ते मान्य करतो: स्थिती बदलली की घड्याळाची चाल बदलते, आणि सपाट ठेवलेलं घड्याळ बहुधा उभ्यापेक्षा पुढे असतं. पण ‘चावी वर’ ही एकच स्थिती वेळ ‘बरोबर’ करते, हे कुठून आलं? गुरुत्वाकर्षणाला किती वाजले ते काय ठाऊक!

काकांची जनता शालिमारजवळच्या एका कारागिराच्या टाइमग्राफरवर, म्हणजे चाल आणि झोका मोजणाऱ्या यंत्रावर, लावून पाहिली. पूर्ण चावी दिल्यावर डायल वर ठेवून बॅलन्सचा झोका २७२ अंश आणि चाल दिवसाला ६ सेकंद पुढे. चावी वर करून उभी केली तर झोका २३६ आणि चाल १८ सेकंद मागे. चावी खाली केली तर झोका जवळपास तेवढाच, पण चाल फक्त ६ सेकंद मागे. म्हणजे निरोपाने जी स्थिती सांगितली तीच या घड्याळाला सगळ्यात वाईट, आणि जिने ‘घड्याळ बंद पडते’ तिच्यात ते मजेत चालू.

चावी वर आणि चावी खाली यांत झोका सारखाच, मग बारा सेकंदांचा फरक कशाचा? बॅलन्सच्या चाकाची एक बाजू किंचित जड आहे, त्याचा. सपाट ठेवल्यावर हा जडपणा लागू होत नाही, उभं केल्यावर होतो. काकांच्या घड्याळात चावी वर असताना जड बाजू खाली येते. झोका लहान असेल तर ती बाजू लंबकासारखी चाकाला मध्याकडे ओढते आणि घड्याळ पुढे जातं. झोका मोठा झाला की ती माथ्यावरून पलीकडे जाते, तिथे तिचं वजन परतीच्या विरुद्ध ढकलतं आणि घड्याळ मागे पडतं. साधारण २२० अंशांवर दोन्ही परिणाम एकमेकांना खातात.

आता गंमत बघा. चावी न देता २४ तास जाऊ दिले आणि पुन्हा लावलं. उभ्या स्थितीतला झोका १९० वर आला होता. चावी वर: ३ सेकंद मागे. चावी खाली: ३३ सेकंद मागे. सगळं उलटं! तेच घड्याळ, तीच स्थिती, फक्त कमान सैल झालेली. काका सकाळी सातला चावी देतात आणि रात्री दहाला घड्याळ काढतात, म्हणजे त्यांची रात्र बरोबर या उलटण्याच्या आसपासच जाते. एकाच घड्याळात एका दिवसात जो नियम टिकत नाही, तो अख्ख्या महाराष्ट्राला वाटायचा!

क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेच्या परीक्षेत पास झालेलं घड्याळ. त्याच्या तपासणीचं आयएसओ ३१५९ हे मानक बघा. घड्याळ १५ दिवस तपासतात, पाच स्थितींत (डायल वर, डायल खाली आणि तीन उभ्या) आणि ८, २३ व ३८ अंश तापमानांत. ८ अंश म्हणजे आपली निफाडची थंडीतली पहाट. नेहमीच्या आकाराच्या घड्याळाची सरासरी चाल दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत यावी लागते, आणि सपाट व उभ्या चालीतला फरकही उणे ६ ते अधिक ८ मध्ये बसावा लागतो. म्हणजे निवडक घड्याळांतही हा फरक असणारच, हे मानकच गृहीत धरतं. एक स्थिती ‘बरोबर’ असती तर पाच कशाला तपासल्या असत्या? आणि गुपित तरी कसलं? उभ्या स्थितींतल्या चुका सरासरीत मिटवण्यासाठी बॅलन्सच फिरत ठेवणाऱ्या टूरबिलॉनचं पेटंट घड्याळजी ब्रेगेने पॅरिसमध्ये १८०१ सालीच घेतलं.

‘सर्व्हिसिंगची गरज पडत नाही’ हे मात्र घातक आहे. तेल सुकलं की उभ्या स्थितीतला झोका आधी कोसळतो. सपाट आणि उभ्या चालीतला फरक पूर्वी पंधरा-वीस सेकंद होता आणि आता मिनिटभर झाला, तर ती दुरुस्तीचीच खूण. अशा वेळी ठेवण्याची जागा बदलून फरक झाकत बसलात, तर सुकलेल्या तेलावर आस झिजत राहतो आणि पुढे बॅलन्सचा आसच बदलावा लागतो.

रात्रीच्या ठेवणीने मिळतं ते थोडंसं, आणि ते तुमच्याच घड्याळाला विचारावं लागतं. सेकंदकाटा बारावर येताच फोनवरची वेळ सेकंदांसकट लिहा. सकाळी चावी देण्याआधी पुन्हा लिहा. प्रत्येक स्थिती दोन-तीन रात्री तशीच ठेवा आणि चावी रोज एकाच वेळी द्या. दिवसभर मनगटावर घड्याळ मागे पडत असेल तर रात्री पुढे नेणारी स्थिती निवडा, पुढे जात असेल तर उलटी. दोन स्थितींत दिवसाला २० सेकंदांचा फरक असला तरी नऊ तासांच्या रात्रीत त्यातले सात-आठच हाती लागतात. रोज दोन मिनिटं चुकणारं घड्याळ त्यातून सुधारत नाही, ते कारागिराकडेच न्यावं लागतं.

आणि काका, ती फळी बदला. शेजारी भजनांचा स्पीकर आहे, त्यात चुंबक आहे. बॅलन्सला मध्याकडे परत आणणाऱ्या हेअरस्प्रिंगला चुंबकत्व लागलं की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ एकाएकी दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळतं. तसं झालंच तर कारागीर चुंबकत्व काढण्याच्या यंत्रावर मिनिटभरात काढून देतो. तुमची जनता कपाटात, डायल वर, सपाट ठेवा. काडेपेट्या देवघरातच राहू द्या.