कॅसेट काढायला माणसं किती लागतात?

स्पोक तुटला तो सायकलच्या मागच्या चाकाचा, आणि तोही उजव्या बाजूचा. नवा स्पोक हबच्या भोकातून ओवायचा असतो आणि त्या भोकासमोर गिअरच्या आठ दातेरी चकत्यांची कॅसेट ठाण मांडून बसलेली असते. दहा-बारा रुपयांच्या तारेसाठी अख्खा किल्ला उतरवायचा.

चाक काढून गॅलरीत आणलं, तर शेजारचे काका चहाचा कप घेऊन हजर. "फ्रीव्हील ना? छिन्नी लाव आणि हातोडीने दोन घाल, सुटेल." काकांच्या मते जगात न सुटणारी वस्तूच नाही, हातोडी लहान पडते एवढंच. मी म्हटलं, आधी हे फ्रीव्हील आहे की कॅसेट ते बघू. चकत्या उलट्या फिरवायच्या. मधली खाचांची रिंग त्यांच्याबरोबर फिरली तर कॅसेट, खाचा जागच्या जागी राहिल्या तर फ्रीव्हील. इथे रिंग फिरली. काका म्हणाले, "माझ्या वेळी असलं नव्हतं," आणि खुर्ची ओढून बसले.

ती रिंग म्हणजे लॉकरिंग. तिच्या खाचांत बसणारं टूल घालायचं, टूलला पाना लावायचा आणि उलट्या दिशेने सोडवायचं. ऐकायला सोपं आहे. पण कॅसेट त्याच दिशेला मोकळी फिरते, पेडल न मारता उतारावर जाताना फिरते ना, तशीच. त्यामुळे पाना फिरवला की कॅसेटही कटकट वाजत मजेत मागे निघते आणि रिंग आहे तिथेच. तिला थोपवायला चेन व्हिप. लोखंडी पट्टी आणि तिच्या टोकाला सायकलच्या चेनचा तुकडा, बस. हा तुकडा मोठ्यापैकी एका चकतीला गुंडाळून पट्टी सुलट्या दिशेने दाबून धरायची.

आता हिशोब करा. एक हात पान्याला, एक व्हिपला, एक चाक उभं धरायला आणि एक टूल खाचांत दाबून ठेवायला, कारण ते निसटलं की बोटांची हाडं थेट दात्यांवर. देवादिकांना चार हात का असतात याचं उत्तर मला त्या गॅलरीत मिळालं. बायकोला हाक मारली, तर तिने माझ्याकडे न बघता व्हिपला गुंडाळलेल्या कापडाकडे बघितलं. "हा आईंचा नवा पंचा आहे."

चौथ्या हाताची सोय मात्र होते. चाक सायकलला आवळून धरणारा क्विक रिलीजचा दांडा त्याच्या स्प्रिंगा काढून पुन्हा टूलमधून घालायचा आणि नट हलकासा आवळायचा. टूल जागेवरून हलत नाही. रिंग जराशी सुटली की लगेच दांडा काढायचा, नाहीतर सुटणाऱ्या रिंगला बाहेर यायला वाटच राहत नाही. चाक गुडघ्यांना टेकवून, कॅसेट आपल्यापासून पलीकडे तोंड करून धरलं तर पाना उजव्या हातात येतो, व्हिप डाव्या. दोघांचे दांडे घड्याळात दहा वाजून दहा मिनिटांना काटे असतात तसे ठेवायचे आणि दोन्ही एकदम खाली दाबायचे. मनगटाने नाही, अंगाचा भार टाकून.

मी भार टाकला. काहीच नाही. पुन्हा टाकला. काकांनी हातोडीचं नाव काढलं आणि तेवढ्यात "कडाक!" आवाज असा, की आई आतून धावत आली, "काय मोडलं?" काही मोडलं नव्हतं. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक दाते असतात, ते सुटताना असेच ओरडतात. पुढे रिंग बोटांनीच निघाली.

सर्वात लहान चकती सुटी आली, मग बाकीचा गठ्ठा. मध्ये जो काळा लगदा साचला होता तो बघून पंच्याचा विषय कायमचा मिटला. चकत्या त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवल्या. परत बसवताना चिंता नसते, कारण चकत्या ज्यावर चढतात त्या फ्रीहबवरची एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते आणि चकत्या एकाच तऱ्हेने बसतात. आवळताना व्हिपही लागत नाही, त्या दिशेला फ्रीहब चाकाला पकडतं. चाक धरा आणि पाना मारा. रिंगवर बहुधा ४० न्यूटन मीटर लिहिलेलं असतं, म्हणजे हातभर लांब पान्याने चांगलं दाबेपर्यंत.

स्पोक बसला, चाक सरळ झालं. काका उठले आणि नातवाची सायकल घेऊन आले. "हिचंही बघ." चकत्या उलट्या फिरवल्या. खाचा जागच्या जागी. फ्रीव्हील! इथे व्हिपचा उपयोग शून्य, कारण ते अख्खं हबच्या आट्यांवर चढवलेलं असतं आणि वर्षानुवर्षं मारलेल्या प्रत्येक पेडलने आणखी आवळत गेलेलं असतं. त्याचं टूल वेगळं आणि साध्या पान्याने ते दाद देत नाही. टूल व्हाइसमध्ये घट्ट पकडायचं, वर चाक आडवं ठेवायचं आणि टायर दोन्ही हातांनी धरून एसटीच्या स्टिअरिंगसारखं उलटं फिरवायचं.

व्हाइस कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याकडे. निघताना काकांनी हातोडी पिशवीत टाकली.