खातं रिकामं ठेवलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही

"कुठल्याही अ‍ॅपचं सबस्क्रिप्शन बंद करायचं असेल तर ते कॅन्सल बटण शोधत बसू नका. ज्या दिवशी पैसे कटणार त्या दिवशी खात्यात बॅलन्स ठेवू नका. कंपनी एकदाच ट्राय करते, पेमेंट फेल झालं की प्लॅन आपोआप कॅन्सल. नाहीतर कार्ड ब्लॉक करा, विषय संपला. यात आपलं एक रुपयाचंही नुकसान नाही. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज गेल्या आठवड्यात आमच्या इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपवर आला, मग मॉर्निंग वॉकवाल्यांच्या ग्रुपवर आला, आणि खाली तीस-चाळीस अंगठे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण मी दिवसभर हेच पेमेंटचं काम करतो, आणि यात जे सांगितलंय ते केलं तर लोकांचे पैसे वाचायच्या ऐवजी भलत्याच दिवशी जातात.

एकदाच ट्राय करते हे तर सरळ चूक आहे. यूपीआय ऑटोपेचंच बघा, म्हणजे यूपीआयवरून दर महिन्याला आपोआप पैसे कापायची सोय, आता बहुतेक लोकांची सबस्क्रिप्शनं त्याच्यावरच असतात. १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियमच असा आहे की एका हप्त्यासाठी एक मूळ प्रयत्न आणि तो फेल झाला तर वर जास्तीत जास्त तीन रिट्राय, म्हणजे एकूण चार वेळा तुमच्या खात्याचं दार वाजू शकतं. आणि हे कधीही नाही, गर्दीची वेळ सोडून. सकाळी १० च्या आत, दुपारी १ ते ५, नाहीतर रात्री साडेनऊनंतर. म्हणजे पगार सकाळी ११ ला जमा झाला आणि तुम्ही खूश झालात की आज काही कटलं नाही, तर थांबा, दुपारी १ नंतर कटू शकतं. ते चार प्रयत्न एकाच दिवशी करायचे की रोज एक करून चार दिवसांत पसरवायचे हे पलीकडची सर्व्हिस आणि तिच्यासाठी पैसे गोळा करणारा पेमेंट गेटवे ठरवतात, आणि कोणीही शहाणा माणूस ते पसरवूनच ठेवतो, कारण सकाळी शून्य असलेलं खातं दुपारी बहुतेक शून्यच असतं पण दोन दिवसांनी नसतं.

अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेलं असेल तर गोष्ट अजून लांब जाते. अ‍ॅपल फेल झालेल्या बिलासाठी ६० दिवसांपर्यंत प्रयत्न करत राहतं. शिवाय तुमच्या अकाउंटला दुसरं कार्ड किंवा दुसरी पेमेंट पद्धत जोडलेली असेल तर पहिली फेल झाल्यावर ते दुसरीवरून घ्यायचा प्रयत्न करू शकतं, त्यामुळे एक खातं रिकामं ठेवून काय साध्य होणार सांगा. गूगल प्लेवर आधी ग्रेस पीरियड असू शकतो, त्यात सर्व्हिस चालूच राहते, मग अकाउंट होल्ड, त्यात सर्व्हिस बंद पण सबस्क्रिप्शन मेलेलं नाही, पेमेंट झालं की परत जिवंत. हे सगळं संपल्यावर कॅन्सल.

आता मुख्य मुद्दा. बॅलन्स नाही म्हणजे या माणसाला सर्व्हिस नको, असा अर्थ कंपनी का लावत नाही? कारण तसा अर्थ लावला तर ती बहुतेक वेळा चुकेल. फेल होणाऱ्या पेमेंटमध्ये महिनाअखेर असलेले, बँकेचा सर्व्हर बसलेला, कार्डची मुदत संपलेली, दिवसाची लिमिट संपलेली, असे लोक असतात आणि त्यांना सर्व्हिस हवीच असते. म्हणून या धंद्यात रिट्रायचं वेळापत्रक बांधलेलं असतं, त्याला डनिंग म्हणतात. प्रत्येक फेल पेमेंटबरोबर बँक कारणाचा कोड पाठवते. यूपीआयमध्ये बॅलन्स कमी असेल तर Z9 येतो, कार्डवर तेच कारण 51 म्हणून येतं. हा कोड आला की पलीकडचं सॉफ्टवेअर म्हणतं, तात्पुरतं आहे, परवा परत बघू. म्हणजे मेसेजमध्ये जी युक्ती सांगितलीय ना, तीच नेमकी अशी आहे की जी बघून सिस्टीम परत प्रयत्न करते! दूधवाल्याला दार उघडलं नाही म्हणून तो रतीब बंद करत नाही, उद्या परत येतो, तसंच आहे हे. रतीब बंद करायचा तर तोंडाने सांगावं लागतं.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका पोराचं सांगतो, सातपूरला कंपनीत आहे, नाव लिहीत नाही. एका व्यायामाच्या अ‍ॅपचा महिन्याला ४९९ चा प्लॅन, ५ तारखेला कटतो, आणि याचा पगार ७ ला. ४ तारखेला बँकेचा मेसेज आला की उद्या एवढे पैसे जाणार आहेत. हा मेसेज रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे येतो, पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तो द्यावाच लागतो. याने तो वाचला आणि फॉरवर्डमधली युक्ती लावली, खात्यातले होते ते सगळे आईच्या खात्यावर टाकले. ५ ला सकाळी फेल. ६ ला सकाळी फेल. त्या दिवशी याने अ‍ॅप फोनमधून डिलीट पण केलं, झालं काम म्हणून. ७ ला दुपारी तिसरा प्रयत्न, तोही फेल, कारण पगार संध्याकाळी सातच्या सुमारास पडला. आणि ८ ला सकाळी दहाच्या आत चौथा, म्हणजे शेवटचा, तो पास. ४९९ गेले. पोरगा माझ्याकडे आला तो फ्रॉड झाला म्हणून, सायबरला तक्रार करू का विचारत.

फ्रॉड कसला, त्याने परवानगी दिलेलीच होती. त्याचा फोन घेतला, यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेचा सेक्शन उघडला, तर ती परवानगी, म्हणजे मँडेट, जसंच्या तसं Active. रक्कम तर ४९९ पण नव्हती, कमाल मर्यादा म्हणून जास्त आकडा होता, आणि कधी कापायचे याच्यापुढे ठराविक तारीख नव्हती, पलीकडचा मागेल तेव्हा असं होतं. हे दोन रकाने सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये एकदा बघाच. कमाल मर्यादा म्हणजे तेवढे कटतातच असं नाही, पण प्लॅन महाग झाला तर त्या मर्यादेपर्यंत नवीन परवानगी न घेता कटू शकतात. आणि एक गंमत, ५ ते ८ या दिवसांत अ‍ॅपने त्याची सर्व्हिस बंद केलेलीच नव्हती, आत सगळं चालू होतं, म्हणजे त्यांच्या हिशोबात तो ग्राहकच होता, फक्त थकबाकीवाला. पुढचं बिल पण ८ ला नाही, परत ५ लाच.

बरं चौथा प्रयत्नही फेल झाला असता तर? तरी लगेच कॅन्सल होईलच असं नाही. हे त्या त्या सर्व्हिसच्या सेटिंगवर आहे, काही जण कॅन्सल करतात, काही जण नुसतं थांबवून ठेवतात. उदाहरण म्हणून रेझरपे या पेमेंट गेटवेचं बघा, तिथे फेल झालं की सबस्क्रिप्शन pending मध्ये जातं, रिट्राय संपले की halted मध्ये. halted म्हणजे थांबलेलं, रद्द केलेलं नव्हे. त्या अवस्थेत पुढच्या महिन्यांची बिलं बनत राहतात, फक्त आपोआप कापली जात नाहीत. सहा महिन्यांनी तुम्ही परत त्या सर्व्हिसकडे गेलात आणि समोर जुनी बिलं दिसली तर दचकू नका.

कार्ड ब्लॉक करायचं म्हणाल तर ते अर्धवट खरं आहे. कार्ड हरवलं, चोरीला गेलं किंवा मुदत संपली असे कोड आले की ते कार्ड परत परत मारत बसण्यात अर्थ नसतो, उलट जास्त रिट्राय केले तर व्हिसा-मास्टरकार्डसारखं कार्ड नेटवर्क त्या सर्व्हिसच्या कंपनीकडून वर दंड घेतं, म्हणून तिथे प्रयत्न लवकर थांबतात आणि तुम्हाला पेमेंटची पद्धत बदला असे मेल यायला लागतात. पण ४९९ साठी अख्खं कार्ड ब्लॉक करायचं, मग त्याच कार्डवरचं वीजबिल आणि मोबाईल रिचार्ज पण अडकवायचं, हा कुठला हिशोब? त्यापेक्षा बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा साईटवर कार्डवरची ई-मँडेट दिसतात, तिथून ते एकच मँडेट बंद करता येतं, आणि ही सोय बँकेने द्यायलाच पाहिजे असं रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे.

आणि ते एक रुपयाचं नुकसान नाही वालं वाक्य, ते सगळ्यात वाईट. यूपीआय ऑटोपे वेगळं आणि नॅच, म्हणजे थेट बँक खात्यातून हप्ते कापायची व्यवस्था, वेगळं. विम्याचा हप्ता, एसआयपी, काही जिमची वर्षाची फी, कर्जाचा ईएमआय, हे बऱ्याचदा बँकेच्या नॅच मँडेटवर असतात. तिथे बॅलन्स नसला की बँक रिटर्न चार्ज लावते, वर जीएसटी, आणि पलीकडच्याने दोन दिवसांनी तेच परत लावलं आणि परत फेल गेलं तर चार्ज परत लागू शकतो. पासबुक किंवा स्टेटमेंटमध्ये नॅच रिटर्न अशी एंट्री दिसली की समजायचं. कर्जाच्या हप्त्याला तर ही युक्ती अजिबातच नको, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट २००७ च्या कलम २५ मध्ये बॅलन्सअभावी फेल झालेल्या अशा पेमेंटसाठी चेक बाउन्ससारखीच शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्या ओटीटीसाठी कोणी कोर्टात जाणार नाही हे मला पण कळतं, पण ग्रुपवर मेसेज वाचणारा काका तो ईएमआयला पण लावेल ना.

मग करायचं काय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही कराव्या लागतात. सबस्क्रिप्शन म्हणजे तुमचा आणि त्या सर्व्हिसचा व्यवहार, तो त्यांच्या साईटवर किंवा अ‍ॅप स्टोअरच्या सबस्क्रिप्शनच्या पानावर जाऊन कॅन्सल करायचा. मँडेट म्हणजे पैसे ओढायची परवानगी, ती यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे मध्ये जाऊन रिव्होक करायची, पिन टाकावा लागतो. आधी कॅन्सल, कन्फर्मेशनचा मेल आला की मग रिव्होक. उलट केलं किंवा नुसतंच रिव्होक केलं तरी पैसे जाणार नाहीत, कारण रद्द झालेल्या मँडेटवर रिट्राय लागत नाही, पण पलीकडे तुम्ही थकबाकीदार म्हणून दिसत राहाल आणि मेल येत राहतील. नुसतं अ‍ॅप डिलीट केल्याने तर यातलं काहीच होत नाही. आणि २४ तास आधीचा तो मेसेज आला की त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, कारण पहिला प्रयत्न बऱ्याचदा तुम्ही उठायच्या आतच होऊन जातो.

त्या पोराचे ४९९ परत आले नाहीत. प्लॅन महिनाभर वापरता येणार होता म्हणून कंपनीने रिफंडला नाही म्हटलं, आणि नियमाने ते बरोबरच होतं. आम्ही त्याच दिवशी कॅन्सल केलं, मेल आला, मग मँडेट रिव्होक केलं. त्याच लिस्टमध्ये अजून दोन मँडेट निघाली, एक फोटो एडिटिंगचं आणि एक कुठल्यातरी इंग्लिश शिकायच्या अ‍ॅपचं, जे फुकट ट्रायल म्हणून चालू केलं होतं आणि ज्याचा पहिला हप्ता पुढच्या आठवड्यात होता.