मोशन फुल केलं आणि चेंडूच गायब

"मॅच बघताना टीव्हीचं मोशन फुल करा, नॉइज रिडक्शन हाय ठेवा, कलर टोन कूल करा. चेंडू काचेसारखा साफ दिसेल, डोळ्यांना गारवा मिळेल. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

पाठवलं सगळ्यांनी. अमळनेरला आमच्या नानांपर्यंत आलं, आणि शेजारच्या पोराने तसं करूनही दिलं. मी गेलो तेव्हा नाना चष्मा पुसत विचारत होते, "बॉल कोठे गया रे?" मोतीबिंदू वाढला समजून त्यांनी डॉक्टरकडे नंबरही लावला होता.

दोष डोळ्यांचा नव्हता. आपल्याकडे मॅचच्या प्रसारणातून सेकंदाला 50 वेगवेगळे क्षण येतात. मोशन फुल केलं की टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र अंदाजाने रचतो. सावकाश फिरणाऱ्या कॅमेऱ्यात हे जमतं. पण स्क्वेअर कटचा चेंडू ताशी 100 किलोमीटरने निघाला, तर एका चित्रातून दुसऱ्यात तो सुमारे 56 सेंटीमीटर पुढे जातो. चेंडू जेमतेम 7 सेंटीमीटरचा! म्हणजे आठ चेंडूंएवढी उडी. इथला ठिपका तिथे गेला हे टीव्हीला ओळखता येत नाही. तो गवताची चाल धरतो, आणि मधल्या चित्रात चेंडू तुटतो, दोन दिसतात किंवा गायब होतो. खूण सोपी आहे: फटका मारताना बॅटच्या कडेभोवती पाण्यासारखी थरथर दिसली, की मोशन जास्त झालं.

त्यावर नॉइज रिडक्शन म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. ते लागोपाठची चित्रं एकमेकांत मिसळतं. जे एकाच चित्रात एका जागी दिसतं आणि पुढच्यात नसतं, त्याला ते कचरा समजतं. वेगवान चेंडू नेमका तसाच असतो. त्याला शेपूट फुटते, आणि खेळपट्टीवरच्या भेगाही सारवल्यासारख्या होतात.

एक कबूल करतो. मॅच ॲपवर सेकंदाला 25 चित्रांनी येत असेल, तर मोशन दहापैकी दोन-तीनवर ठेवल्याने धक्के कमी होतात. केबलच्या जुन्या, दाणेदार चॅनेलला नॉइज रिडक्शन लो चालतं. पण फुल आणि हाय कशाला?

राहिला गारवा. तो हवा तर कूलरमध्ये पाणी भरा. एचडी प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय मानकात, बीटी.709 मध्ये, पांढरा रंग डी65 म्हणजे साधारण 6500 केल्विनचा ठरलेला आहे. बहुतेक टीव्हींत 'वॉर्म' त्याच्या जवळ असतं. 'कूल'मध्ये कसोटीचे पांढरे कपडे जास्त नीळ पडलेल्या धोतरासारखे दिसतात.

नानांचं मोशन बंद केलं, नॉइज रिडक्शन बंद केलं, टोन वॉर्म केला. दहा मिनिटं "पिवळं दिसतंय" म्हणून कुरकुरले, मग डोळे सरावले. डॉक्टरचा नंबर मात्र मी रद्द करू दिला नाही. सत्तरी उलटलीय, दाखवून आलेलं बरं.