तेवढं पुसून दे

चाळीत एखाद्याचा मुलगा डॉक्टर झाला की लोक त्याला जिन्यात गाठून जीभ दाखवतात. मी लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि मेनूकार्डं करून पोट भरतो, त्यामुळे मला जिन्यात कुणी गाठत नाही. मला थेट व्हॉट्सॲपवर फोटो येतो. कधी ग्रुप फोटोतून एखादा जावई काढायचा असतो (संसार मोडला, फोटो मात्र चांगला आलाय), कधी आजोबांना कोट घालायचा असतो. ही कामं मी करून देतो. माणसं त्यांची, जावईही त्यांचाच.

पण गणपतीच्या तोंडावर समोरच्या खोलीतल्या काकांनी जो फोटो पाठवला, त्याची जात वेगळी होती. केळीच्या पानावर पाच उकडीचे मोदक, वर केशराच्या काड्या, मागे धूसर समई. आणि या सगळ्यावरून, डाव्या खालच्या कोपऱ्यापासून उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत, फोटो विकणाऱ्या कंपनीचं पांढरट नाव. खाली काकांचा हुकूम : ‘तेवढं पुसून दे. सहा बाय चारचा फ्लेक्स करायचाय. अर्जंट.’

काकू दरवर्षी मोदकांच्या ऑर्डरी घेतात. गिरगावात त्यांच्या मोदकांना नाव आहे. यंदा काकांनी धंदा वाढवायचं मनावर घेतलं होतं, म्हणजे चाळीच्या फाटकावर फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं.

मी फोटो संगणकावर उघडला. 612 बाय 408 ठिपके. हे कंपन्या मुद्दाम करतात. नमुना म्हणून दाखवायची प्रत छोटीच ठेवतात. आता सहा फूट म्हणजे 72 इंच. 612 ठिपके 72 इंचांवर पसरले की इंचाला साडेआठ ठिपके येतात, म्हणजे एकेक ठिपका तीन मिलिमीटरचा. तिळाएवढा. फ्लेक्स लांबून बघायचा असतो म्हणून छापणारे इंचाला 72 ठिपके असले तरी खूश असतात, त्याच्या निम्म्यावरही भागवून नेतात. साडेआठावर मोदकाचं काय होईल, हे मी काकांना मोठं करून दाखवलं. ते म्हणाले, ‘ते राहू दे रे. आधी नाव काढ.’

काढता येतं का? येतं की. ते नाव म्हणजे फोटोवर चिकटवलेली पट्टी नव्हे, फोटोत मिसळलेला पांढरा रंग असतो. समजा साठ टक्के मोदक आणि चाळीस टक्के पांढरा. संगणकाच्या हिशेबात 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. मोदकाचा उजळ भाग 240 असेल तर नावाखाली तो 246 होतो, आणि कळीच्या घडीतली सावली 200 असेल तर ती 222 होते. घडी आणि उजेड यांत मुळात 40 चा फरक होता, तो 24 वर आला. मिश्रणाचं प्रमाण कळलं तर उलटं गणित मांडून मूळ आकडे काढता येतात. 2017 साली गुगलच्या संशोधकांनी तर असंही दाखवलं, की एकाच कंपनीचे पुष्कळ फोटो एकत्र घेतले आणि सगळ्यांवर तेच नाव तसंच्या तसं असलं, तर संगणक ते आपणहून ओळखून उतरवू शकतो. उपायही त्यांनीच सांगितला : प्रत्येक फोटोवर नाव किंचित वेगळं वाकवा, म्हणजे हिशेब फसतो.

पण हे गणित स्वच्छ फोटोवर चालतं. काकांचा फोटो मेव्हण्याकडून, मेव्हण्याला भाच्याकडून, असा व्हॉट्सॲपच्या घरोघरी पाहुणचार घेत आलेला. प्रत्येक मुक्कामाला फोनमध्ये उतरवून पुन्हा पाठवला की तो थोडा दाबला जातो, आकडे इकडचे तिकडे होतात, आणि उलट्या गणितात ती चूक दीडपटीहून जास्त मोठी होऊन समोर येते. नाव जातं आणि त्याची कड राहते. पुसलेल्या पाटीवर कालची बेरीज दिसावी तशी.

दुसरा मार्ग म्हणजे शेजारचा भाग उचलून त्यावर चोपडायचा. केळीच्या पानावर हे छान जमतं, कारण पानभर त्याच समांतर शिरा. मोदकावर अजिबात जमत नाही. कळ्या खाली रुंद, वर अरुंद होत शेंडीत मिळतात; खालचा तुकडा वर नेला की तो कुठेच बसत नाही. काकांच्या समाधानासाठी मी त्यांच्यासमोर एका मोदकाचा कोपरा करून दाखवला. दोन कळ्या मध्येच संपल्या आणि तिसरी भलतीकडून उगवली. ‘भाचा म्हणत होता मोबाइलमध्ये नुसतं बोट फिरवलं की जातं,’ काका म्हणाले. जातंही. पण त्या बोटाखाली काय होतं, हे मोबाइलला माहीत नसतं. तो अंदाजाने मोदक रचतो. भाच्याने पाठवलेल्या नमुन्यात एका मोदकाला दोन शेंड्या होत्या.

आता मी दुसऱ्या मुद्द्याकडे वळलो. कॉपीराइट कायदा 1957 चा, त्यात 2012 साली 65-ब हे कलम घातलं गेलं. मालकाचं नाव, कामाचा क्रमांक, वापराच्या अटी अशी माहिती जाणूनबुजून, परवानगीशिवाय काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. फोटोच्या कडेला बारीक अक्षरांत कंपनीचं नाव आणि फोटोचा क्रमांक होताच. म्हणजे काढणारा मी आणि कैदही मला. काका सहानुभूतीने मान हलवायला लागले, तेव्हा मी पुढचं वाचून दाखवलं : ती माहिती काढलेली आहे हे ठाऊक असूनही जो ते काम लोकांपुढे मांडतो, तोही त्याच कलमात. चाळीत समोरासमोर राहतो, कलमातही शेजारी राहू.

‘अरे, आपण फोटो कुठे विकतोय? मोदक विकतोय!’

हा युक्तिवाद ऐकायला चांगला आहे, फक्त उलटा आहे. स्वतःच्या अभ्यासासाठी, समीक्षेसाठी, बातमीसाठी दुसऱ्याचं काम मर्यादेत वापरायला कायदा मोकळीक देतो. मोदक विकण्यासाठी देत नाही. धंद्याची जाहिरात म्हटली की परवाना घ्यायचा.

मग त्या नाववाल्या फोटोचा उपयोग तरी काय? आहे, आणि तो चोख आहे. अशा बहुतेक कंपन्या नमुन्याची प्रत कच्चा आराखडा करायलाच देतात. मी नावासकट फोटो आराखड्यात बसवला, वर ‘उकडीचे मोदक’ लिहिलं, खाली काकूंचा नंबर टाकला आणि म्हटलं, घरात दाखवा. पसंत पडलं तर कडेचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकू, पैसे भरू, आणि बिननावाची मोठी प्रत घेऊ.

‘किती पडतील?’

फ्लेक्सला पुरेल अशी प्रत हजाराच्या आसपास होती. काकांनी मनात हिशेब केला. काकूंचा मोदक चाळीस रुपयांना. ‘म्हणजे पंचवीस मोदक? आणि तेही दुसऱ्याच्या मोदकांवर?’

आपण किती बरोबर बोलून गेलो याचा त्यांना पत्ता नव्हता. तो काकूंना लागला. त्यांनी चष्मा लावून आराखडा जवळ घेतला आणि नावावरून नजर न हलवता म्हणाल्या, ‘हे साच्यातले आहेत.’

आम्ही गप्प.

‘कळ्या बघ. सगळ्या मापात. हाताच्या अशा येतात का कधी? आणि हे फोटो लावून मी माझे मोदक देऊ? लोक म्हणतील, दाखवलं एक आणि दिलं एक.’ कायद्याची सबंध कलमं वाचून जे झालं नव्हतं, ते एका वाक्यात झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत काकूंचे मोदक बसवले. इथे माझं काम सुरू झालं, कारण पांढऱ्या पदार्थाचा फोटो काढणं सोपं नाही. मोदकपात्रातून काढल्या काढल्या फोन जवळ नेला तर भिंग वाफेने धूसर होतं, त्यामुळे दोन मिनिटं थांबायचं. फार थांबलं तर पारी कोरडी दिसते, मग वरून तुपाचा हात. समोरून उजेड घेतला की मोदक सपाट होतो, पांढऱ्या पिठाचा नुसता गोळा. उजेड बाजूने आला तरच प्रत्येक कळीची सावली शेजारच्या घडीत पडते आणि कळ्या मोजता येतात. शिवाय फोन आपणहून चित्र उजळवतो, तेव्हा मोदकावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढायचा. मागे पान हवं, स्टीलचं ताट नको. ताटात काका दिसतात.

4000 बाय 3000 ठिपक्यांचा फोटो मिळाला, म्हणजे सहा फुटांना इंचामागे पंचावन्न. काकांनी तो मला नेहमीसारखा पाठवला, तेव्हा 1600 चा होऊन आला. परत डॉक्युमेंट म्हणून पाठवायला लावला. एका मोदकाची शेंडी जरा डावीकडे झुकली होती. ती सरळ करू का विचारलं, तर काकू म्हणाल्या, राहू दे, तो माझाच आहे.

फ्लेक्स झाला. पण काकांना कोपऱ्यात लक्ष्मी हवी होती, राजा रवि वर्म्याची, कमळावर उभी. फोटो आला. देवीच्या चारही हातांवर कुठल्याशा वॉलपेपरच्या दुकानाचं नाव. आणि हुकूम तोच.

इथे मात्र प्रश्नच वेगळा. रवि वर्मा 1906 साली गेले. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, तेव्हा ही लक्ष्मी केव्हाच सगळ्यांची झाली. तिची छापील चित्रं ज्यातून घरोघरी गेली, तो त्यांचा छापखाना 1894 साली सुरू झाला तोही इथेच, मुंबईत. पुढे मळवलीला गेला. जुन्या चित्राची नक्कल करून वर आपलं नाव टाकल्याने कुणी मालक होत नाही. सुप्रीम कोर्टाने 2007 च्या डिसेंबरात सांगितलं, की हक्क मागायला नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी स्वतःची करामत लागते. त्या खटल्याचं नाव ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोदक’. मी काहीही रचलेलं नाही.

तरीही मी ते नाव पुसलं नाही, कारण पुसायची गरजच नव्हती. विकिमीडिया कॉमन्सवर रवि वर्म्यांच्या चित्रांच्या मोठ्या, स्वच्छ प्रती आहेत. त्यातली लक्ष्मी उतरवली, हक्क संपल्याची नोंद तिथेच वाचली, आणि फ्लेक्सच्या कोपऱ्यात बसवून काकांना पाठवली. चहा निवायच्या आत.

काका फोन घेऊनच आले. दोन बोटांनी चित्र मोठं करत त्यांनी देवीचे चारही हात तपासले, कमळं तपासली, हत्ती तपासला. कुठे डाग नाही, कड नाही.

‘बघ,’ ते काकूंना हाक मारून म्हणाले, ‘खूणसुद्धा ठेवली नाही पठ्ठ्याने! येतं त्याला सगळं. मोदकांच्या वेळी उगाच कायदा सांगत बसला.’