टँकर दरवाढीची नोटीस कशी लिहावी : नव्या सेक्रेटरींसाठी

परवा आमच्या लिफ्टमध्ये एक नोटीस लागली. ‘टँकरच्या दरात झालेल्या अपरिहार्य वाढीमुळे पुढील महिन्यापासून प्रति सदनिका रु. १५०० अतिरिक्त पाणीशुल्क आकारण्यात येईल. सहकार्य करावे. आदेशावरून.’ आदेश कोणाचा, ते नाही. पण नोटीस इतकी उत्तम उतरली आहे की पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या सगळ्या नव्या सेक्रेटरींनी ती अभ्यासावी. तुमच्यावरही ही वेळ येणारच आहे, तेव्हा चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली म्हणजे ‘अपरिहार्य’ हा शब्द. तो विसरू नका.

नोटीस शुक्रवारी रात्री लावा. शनिवारी ऑफिस बंद, रविवारी तुम्ही गावाला.

टँकरचा दर जरूर लिहा, पण टँकर किती आले ते चुकूनही लिहू नका. दर वाढला की लोक टँकरवाल्याला शिव्या देतात, आकडा वाढला की तुमच्याकडे बघतात. आमच्याकडचंच बघा. दहा हजार लिटरचा टँकर नऊशेला मिळत होता, तो आता तेराशेला झाला. दिवसाला आठ, म्हणजे महिन्याला दोनशे चाळीस टँकर. प्रत्येकी चारशे जास्त, म्हणजे शहाण्णव हजार. फ्लॅट चौऱ्याऐंशी. भागाकार केला तर फ्लॅटमागे ११४३ रुपये येतात. मग पंधराशे कुठून आले? पंधराशेप्रमाणे जमा होणार एक लाख सव्वीस हजार. वरच्या तीस हजारांत तेराशेच्या नव्या दराने तेवीस टँकर बसतात. म्हणजे टँकर महागलेत आणि वाढलेतही. बोअर आटली म्हणून वाढले, गळतीमुळे वाढले की कोणी मोजतच नाही म्हणून वाढले, हे नोटिशीत नाही. असा भागाकार करणारा सभासद प्रत्येक सोसायटीत एखादाच असतो. त्याला ‘तुम्हीच या ना कमिटीवर’ म्हणायचं की तो गप्प बसतो.

टँकर मोजायचा तर अजिबात नाही. पावतीवर दहा हजार छापलेलं असतं, छापील गोष्टीवर विश्वास ठेवावा. टाकीत काठी घालून बघण्याचा उद्योग करू नये, कारण ते फार सोपं आहे. आमची जमिनीखालची टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. म्हणजे वीस चौरस मीटर. दहा हजार लिटर म्हणजे दहा घनमीटर पाणी, त्याने पातळी बरोबर पन्नास सेंटिमीटर वर चढली पाहिजे. वरच्या टाकीचा पंप बंद करायचा, टाकीत दुसरीकडून पाणी येत नाही ना ते बघायचं, टँकर यायच्या आधी एकदा आणि रिकामा झाल्यावर एकदा काठी बुडवायची. संपलं. ना मीटर लागतो, ना इंजिनिअर. मी वॉचमनला सोबत घेऊन हे केलं, तर पातळी चढली बेचाळीस सेंटिमीटर. आठ हजार चारशे लिटर. एका टँकरवरून सगळ्यांना चोर ठरवत नाही मी. आमच्या गेटच्या उतारावर टँकर तिरका उभा राहतो, तळाशी पाणी उरतं, ड्रायव्हर ते तसंच घेऊन जातो, हेही खरं आहे. पण ते उरलेलं पाणी पुढच्या सोसायटीला विकलं जातं आणि पैसे आम्ही भरतो! रोज असंच होत असेल तर महिन्याला अडतीस टँकरचं पाणी आलंच नाही. तेराशेप्रमाणे जवळजवळ पन्नास हजार रुपये. म्हणजे दरवाढीचे जे शहाण्णव हजार, त्यातले अर्ध्याहून अधिक त्या आठ सेंटिमीटरमध्ये बसतात. हे मी खजिनदारांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘काका, आहे तो टँकरवाला पण बंद झाला तर?’ म्हणजे भीती आहे ती पाणी बंद होण्याची. मग दरवाढीला ‘वाटाघाटीनंतर’ असा शब्द नोटिशीत कशाला घातला नाही म्हणून मी उगाच हळहळत होतो. वाटाघाट झालीच नव्हती. मे महिन्यात खडकवासला धरणाची आकडेवारी पेपरात आली की टँकरवाला फोन करतो, आणि आपण ‘हो’ म्हणतो.

पाणी तपासण्याचा विषय काढू नका. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोडकडे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, संशय पाण्यावर होता, तेव्हा सगळ्यांनी क्लोरीन तपासायची बाटली आणली होती. आमची अजून ऑफिसच्या कपाटात आहे, सीलबंद.

गच्चीवरची टाकी पहाटे वाहत असेल तर तिला धबधबा समजा.

आता शुल्क. सगळ्यांना सारखं लावा, त्याला समानता म्हणतात. तळमजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये आजी-आजोबा दोघंच राहतात, त्यांना पंधराशे. वर थ्री बीएचकेमध्ये भाड्याने सहा मुलं राहतात, तीन बाथरूम, वॉशिंग मशीन दिवसभर चालू, त्यांच्या मालकालाही पंधराशेच. आणि तो मालक अध्यक्षांचा मित्र आहे हा निव्वळ योगायोग. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमधल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून वाटावा असं लिहिलंय. लिफ्ट, वॉचमन यांचा खर्च सारखा, पाण्याचा नाही. ते पुस्तक ऑफिसात त्या क्लोरीनच्या बाटलीशेजारीच आहे. मीटर लावा म्हटलं की उत्तर तयार असतं, ‘आपल्याकडे पाण्याचे पाइप चार डक्टमधून येतात, एका फ्लॅटला चार मीटर लागतील.’ बरोबर आहे, जुन्या बिल्डिंगला ते महागच पडतं. पण नळ मोजायला काय लागतं हो? एक वही, एक रविवार.

बिल्डरचं नावही घेऊ नका. पालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी पुरवण्याची हमी त्याने परवानगी घेताना लिहून दिली होती का, ती फाइल कुठे आहे, असले प्रश्न वातावरण बिघडवतात.

पण बास झालं आता. कमिटीतल्या लोकांनो, तुम्ही पैसे खाता असं मला म्हणायचं नाही. तुम्ही आळशी आहात. फुकट काम करतो म्हणून हिशेब विचारायचा नाही, हे कुठलं सहकार? आणि बाकीच्यांनो, तुम्ही काही वेगळे नाही. मागच्या सभेला कोरम झाला नाही, अर्ध्या तासाने पुन्हा बसलो तेव्हा अकरा जण होतो. नोटीस लागल्यावर मात्र ग्रुपवर ऐंशी मेसेज. फ्लश रात्रभर वाहतो, त्याचा वॉशर बदलायला तुम्हाला दोन महिने लागतात, आणि टँकर जास्त का आले म्हणून विचारता!

पंधराशे रुपये मी भरणार आहे, ‘हरकत राखून’ असं लिहून. आणि सोबत अर्ज देणार आहे. रोज किती टँकर आले, कितीला आले, त्यांच्या आधी आणि नंतर काठीवर किती सेंटिमीटर, हे गेटच्या रजिस्टरात लिहा, महिनाअखेरीला त्याचा कागद लिफ्टमध्ये लावा, आणि नळांच्या हिशेबाने शुल्क ठरवायला सभा बोलवा. अर्जाची पोच मला सही-शिक्क्यासह हवी. शिक्का कपाटात आहे, डाव्या बाजूला.