‘९१०० उघडा’ म्हणणाऱ्यांनी आधी मामांचा ट्रे बघावा

> “घरचा प्रिंटर आता कुठूनही चालवा! राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगला जा, ९१०० नंबरचा पोर्ट उघडा, प्रिंटरचा आयपी टाका. दुसऱ्या गावातून घरच्या पब्लिक आयपीवर प्रिंट द्या, झालं! कोणताही प्रिंटर चालतो. प्रिंट सर्व्हर हे कंपन्यांचे चोचले, वायफाय प्रिंटरमध्ये सगळं असतंच. धोका काही नाही, फार तर एखादा कागद वाया जाईल. पुढे पाठवा.”

हा निरोप मला तीन ग्रुपांवरून आला आणि तिन्ही वेळा मी गप्प बसलो. चौथ्यांदा तो मामांच्या घरी कागदावर उतरला, म्हणून आता लिहितोय.

मामांचं घर अक्कलकोट रोडला. खाली टॉवेलचे माग, वर राहणं. मामेबहीण पुण्यात नोकरी करते आणि संध्याकाळी घरची बिलं बघते. बिल आणि ई-वे बिल तिनं पुण्यात तयार करायचं आणि ते सोलापुरात मामांच्या प्रिंटरमधून निघायचं, एवढीच तिची इच्छा. मामांना पीडीएफ उघडून छापणं जमत नाही आणि टेम्पोवाला दारात थांबत नाही. शेजारच्या पोरानं निरोप वाचून पोर्ट उघडला. काहीच चालेना. मग इंटरनेटवाल्याकडून महिन्याला जादा पैसे भरून स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा आणि न बदलणारा, आयपी घेतला, आणि चाललं! घरात पेढे वाटायचे बाकी होते.

चौथ्या दिवशी सकाळी मामांचा फोन. “अरे, प्रिंटर रात्रभर आपल्या मनानं कागद काढायलाय. बघ की जरा येऊन.”

ट्रेमध्ये तीसेक कागद होते. काहींवर नुसती चित्रविचित्र अक्षरं, पण बहुतेकांवर वरच्या कोपऱ्यात दोनच ओळी आणि खाली सगळं कोरं. पत्ता बदलून देतो:

```
GET / HTTP/1.1
Host: 203.0.113.25:9100
```

मामींना वाटलं, कुणीतरी करणी केली. तसं काही नाही. जगभरातली यंत्रं दिवसरात्र इंटरनेटवरचा एकेक पत्ता आणि पोर्ट ठोठावून बघत असतात. ब्राउझर वेबसाइटला जे पहिलं वाक्य बोलतो, तेच ती या पोर्टालाही बोलतात. पलीकडे वेबसाइट असेल तर पान उघडतं. मामांच्या घरी पलीकडे प्रिंटर होता, त्यानं ते वाक्य इमानेइतबारे छापलं. ९१०० चा स्वभावच तसा आहे. त्या दारात नाव विचारत नाहीत, पासवर्ड विचारत नाहीत. जे बाइट येतील ते छापायचे किंवा प्रिंटरच्या भाषेतला हुकूम समजून पाळायचे. ही सोय एकाच खोलीतल्या, ओळखीच्या संगणकांसाठी झाली होती.

“फार तर एखादा कागद” या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. २०१८ साली एका माणसानं एका यूट्यूब चॅनेलचा प्रचार म्हणून जगभरातल्या सुमारे पन्नास हजार उघड्या प्रिंटरांवर पत्रक छापलं. त्यासाठी त्यानं वापरलेलं PRET हे साधन जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांचं होतं. त्यांनी २०१७ मध्ये वीस वेगवेगळे प्रिंटर तपासले आणि प्रत्येकात काही ना काही भोक सापडलं. निरोप पुढे पाठवणाऱ्यांनी त्यांचा निबंध एकदा चाळावा. कागद वाया घालवणं हा त्यातला सगळ्यात निरुपद्रवी प्रकार आहे. काही प्रिंटरांवर बाहेरचा माणूस पुढची कामं अडवून त्यांची प्रत काढून घेऊ शकतो. म्हणजे मामांचे भाव, गिऱ्हाइकांची नावं, जीएसटी नंबर, सगळं. शिवाय ‘कायमची सेटिंग बदल’ हा हुकूम पुन्हा पुन्हा देऊन प्रिंटरची सेटिंग साठवणारी चिप झिजवताही येते, कारण ती ठरावीक वेळाच लिहिता येते. नुसत्या हुकमांनी घरातली वस्तू कायमची निकामी होऊ शकते, आणि यांचा म्हणे एखादा कागद!

पहिल्यांदा चाललं नाही त्याचंही कारण निरोपात नाही. बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच पब्लिक आयपी असतो. राउटरच्या स्टेटस पानावर WAN समोरचा पत्ता बघा. तो `100.64` ते `100.127` यांपैकी कशानंही सुरू होत असेल, तर तो पत्ता तुमच्या कंपनीच्या आतलाच आहे. मग राउटरवर कितीही दारं उघडा, इमारतीचं मुख्य गेट दुसऱ्याच्याच हातात. मामांच्या राउटरवर `100.72` होतं. खरं तर हे नशीबच म्हणायचं, पण पैसे भरून तेही घालवलं.

“कोणताही प्रिंटर चालतो” यावर फार लिहीत नाही. माझ्याकडे अजून लेझरजेट १०२० आहे, सोलापुरातल्या निम्म्या झेरॉक्सच्या दुकानांत दिसतो तोच. त्याला नेटवर्कची वायर जोडायला जागाच नाही, नुसता यूएसबी. वर तो चालू केला की दरवेळी संगणकाला त्याच्यात फर्मवेअर भरावं लागतं, तोवर तो नुसता दिवे लावून बसतो. त्याला आयपी कुठून आणणार?

आता जे थोडं खरं आहे ते नाइलाजानं मान्य करतो. वायफाय प्रिंटरच्या पोटात छोटा प्रिंट सर्व्हर, म्हणजे छपाईची कामं घेऊन प्रिंटरला देणारा कारकून, असतोच, आणि एका घरातल्या चार मोबाइलांना तो पुरतो. काही कंपन्यांचे प्रिंटर ईमेलनं पाठवलेली फाइलही छापतात. पण तिथे प्रिंट सर्व्हर नसतो असं नाही. तो कंपनीच्या इमारतीत असतो, आणि तुमचं बिल आधी तिथे जातं. ती सेवा कंपनीच्या मर्जीवर चालते. गूगल क्लाउड प्रिंटवर बसवलेली घडी ३१ डिसेंबर २०२० ला एका दिवसात मोडली होती, हे आठवत असेल.

घरात वेगळा प्रिंट सर्व्हर का लागतो, ते मामांच्या घरी दुपारी वीज गेली की कळतं. पुण्यातून थेट प्रिंटरकडे काम पाठवलं आणि निम्म्यात लाइन तुटली, तर अर्धं पान छापून येतं किंवा प्रिंटर उरलेल्या बाइटांची वाट बघत अडकतो. प्रिंटर बंदच असेल तर काम पुण्याच्या लॅपटॉपवर लटकतं, आणि बहीण लॅपटॉप मिटून झोपली की तिथेच राहतं. प्रिंट सर्व्हर आधी अख्खं काम आपल्या डिस्कवर उतरवून घेतो, पुण्याला ‘मिळालं’ म्हणतो, आणि मग प्रिंटरला जमेल तेव्हा जमेल तसं देतो. चोचले म्हणतात ते एवढेच.

मामांकडे जुना लॅपटॉप धूळ खात होता. त्यावर लिनक्स मिंट टाकलं. छपाईची रांग सांभाळणारा CUPS त्यात असतोच. राउटरमध्ये प्रिंटरचा आतला पत्ता पक्का केला, नाहीतर वीज येऊन गेली की पत्ता बदलतो आणि रांग जुन्या घरी जाऊन बेल वाजवत बसते. मग:

```
sudo lpadmin -p ghar -E -v ipp://192.168.1.50/ipp/print -m everywhere
sudo lpadmin -p ghar -o printer-is-shared=true
sudo cupsctl --share-printers --remote-any
```

पहिली ओळ अलीकडच्या बहुतेक वायफाय प्रिंटरांना ड्रायव्हरशिवाय चालते.

पुणे आणि सोलापूर जोडायला दोन्ही लॅपटॉपांवर टेलस्केल टाकलं, म्हणजे आपल्याच यंत्रांमध्ये इंटरनेटवरून खासगी बोगदा काढणारं सॉफ्टवेअर. यात कोणी कोणासाठी दार उघडत नाही. दोन्ही यंत्रं आतून बाहेर हाक मारतात आणि मधे भेटतात, त्यामुळे सामायिक आयपीची अडचण उरत नाही. प्रिंटरमध्ये टेलस्केल टाकता येत नाही, म्हणून घरात कायम जागं असणारं एक यंत्र लागतंच. टेलस्केलही पत्ते `100` नं सुरू होणारेच देतं. राउटरवरच्या पत्त्याशी त्याची गल्लत करू नका, माझी पहिल्या दिवशी झाली होती.

पुण्यात प्रिंटर आपोआप सापडत नाही. प्रिंटर शोधण्याची हाक घरातल्या नेटवर्कपुरतीच ऐकू जाते, ती या बोगद्यातून पलीकडे जात नाही. म्हणून विंडोजमध्ये प्रिंटर जोडताना पत्ता हातानं द्यावा लागला, सोलापूरच्या लॅपटॉपचा टेलस्केलचा पत्ता घालून:

```
http://100.101.102.103:631/printers/ghar
```

इथे ‘Forbidden’ आलं तर `--remote-any` राहिलं असं समजा. त्याशिवाय CUPS फक्त घरातल्या नेटवर्कचं ऐकतो, आणि टेलस्केलची वाट त्याच्या लेखी घरातली नसते. त्या शब्दाचा अर्थ ‘कोणीही या’ असा आहे, म्हणून राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग त्याआधी पुसलंच पाहिजे. पुसल्यावर मोबाइलच्या नेटवरून `nc -vz 203.0.113.25 9100` देऊन पाहिलं, आत जाता आलं नाही, तेव्हाच पुढे गेलो.

दोन ठिकाणी लोक अडकतात. लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपतो, म्हणून `/etc/systemd/logind.conf` मध्ये `HandleLidSwitch=ignore` हवं. दुसरं जास्त छळतं. टेलस्केलची किल्ली १८० दिवसांनी संपते. सहा महिने सुरळीत चाललेली छपाई एके दिवशी बंद पडते आणि सगळे प्रिंटर उघडून बसतात. त्यांच्या वेबसाइटवर जाऊन या एका यंत्रापुरती किल्लीची मुदत बंद करून ठेवा.

परवा दुपारी दोनला वीज गेली. अडीचला बहिणीनं तीन बिलं पाठवली. राउटरही बंद होता, म्हणून बिलं तिच्याच लॅपटॉपवर थांबली. राउटर बॅटरीवर असता तर सोलापूरच्या लॅपटॉपनं उतरवून घेतली असती, त्याची बॅटरी अजून तासभर टिकते. राउटरला छोटा यूपीएस घ्या असं मामांना सांगितलंय, ते ‘बघू’ म्हणालेत. चारला वीज आली आणि पाचेक मिनिटांत तिन्ही बिलं ट्रेमध्ये.

स्टॅटिक आयपी पुढच्या महिन्यापासून बंद करायचाय. ते तीस कागद मामींनी टाकू दिले नाहीत. पाठकोरे आहेत म्हणून मामा आता त्यांवर मागाच्या सुताच्या बिमांचा हिशेब लिहितात.