मूळव्याधीचे कोंब बाहेर येत असतील तर आयआरसीच्या मागे लागू नका

फिरतोय तो मेसेज: "मूळव्याधीवर आयआरसी नावाचं लेझर आलंय, पाच मिनिटांत काम, अजिबात दुखत नाही, कुठल्याही स्टेजचे कोंब जळून जातात आणि परत कधीच होत नाहीत. ऑपरेशन करू नका."

पहिलं म्हणजे आयआरसी, अर्थात इन्फ्रारेड कोअॅग्युलेशन, हे लेझर नाहीच, हॅलोजन बल्बचा इन्फ्रारेड प्रकाश आहे. डॉक्टर गुदद्वारातून प्रॉक्टोस्कोप ही छोटी नळी घालून कोंबाच्या मुळाशी जरा वरच्या बाजूला प्रोबचं टोक टेकवतात, एक-दीड सेकंद उष्णता देतात, तिथे पांढरा ठिपका पडतो, आणि एका कोंबाला असे तीन-चार ठिपके. त्यात कोंब जळून जात वगैरे नाही, त्याला जाणारं रक्त कमी होतं आणि ठिपक्यांच्या जागी व्रण धरला की तो आतल्या भिंतीला चिकटून राहतो.

पाच मिनिटं मात्र खरं आहे. दुखण्याचं म्हणाल तर आतल्या त्या भागात आपल्या कातडीसारखी वेदना कळत नाही म्हणून भूल लागत नाही, चटका किंवा कळ जाणवते एवढंच. प्रोब खाली सरकला तर चांगलंच दुखतं, तेव्हा लगेच सांगायचं, सहन करत बसायचं नाही.

आता कुठल्याही स्टेजचं. इथेच लोक फसतात. समजा पस्तिशीचा माणूस, संडासच्या वेळी लाल थेंब पडतात, बाहेर काही येत नाही, तपासणीत आत छोटे कोंब. याला आयआरसी अगदी बरोबर. पुढचे काही दिवस थोडं रक्त दिसू शकतं आणि महिन्याभराने पुन्हा एक सिटिंग लागू शकते. याच माणसाचा कोंब बाहेर येऊन बोटाने आत ढकलावा लागत असता, तर कोंबाच्या मुळाशी रबर बँड बसवणं जास्त कामाचं, आणि खूप मोठा किंवा आत जातच नसेल तर ऑपरेशनचंच बोलावं लागतं. बाहेरच्या कातडीखालच्या गाठीला तर आयआरसी करतच नाहीत.

मग सरळ बँडच का नाही? बँडने कोंब सुकून आठवड्याभरात गळतो आणि तेव्हा जोरात रक्त जाऊ शकतं, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांसाठी डॉक्टर आयआरसी किंवा कोंबात द्यायच्या इंजेक्शनचा विचार करतात. (गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.)

परत कधीच होत नाही हे तर धादांत खोटं. बँडच्या मानाने आयआरसीनंतर त्रास परत येण्याची शक्यता उलट जास्तच, आणि कुंथणं, कडक शौच तसंच राहिलं तर नवे कोंब येणारच.

आणि मेसेजमध्ये नसलेलं एक. रक्त शौचात मिसळून येतंय, काळपट आहे, वजन घटतंय किंवा वय पंचेचाळिशीच्या पुढे आहे, तर आधी कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने तपासणीचं विचारा. आयआरसी, बँड, इंजेक्शन यातलं काहीही केल्यावर ताप, वाढत जाणारं दुखणं किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.